पुराचा पंचनामा आणि हवामानाचा हिस्सा

जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावात एका रात्रीच्या मुसळधार पावसाने नदीनाल्यांचे पाणी शिरले, घरांतील धान्य व संसार भिजून गेला, आणि पाणी ओसरताच महसूल खात्याचा जो नित्याचा व्यवहार असतो तो सुरू झाला. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी पंचनामे करावयाचे, मंडळातील पर्जन्यमापकाचा आकडा पाहावयाचा, आणि चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरची मर्यादा ओलांडली असेल तर त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे दप्तरी नोंदवावयाचे, ही ती रीत. किती हेक्टर सोयाबीन गेले, किती घरे पडली, किती जनावरे दगावली, या सर्व प्रश्नांना पंचनाम्यात रकाने आहेत. मात्र असा पाऊस पूर्वीही पडला असता काय, आणि पडला असता तर इतकाच पडला असता काय, हा प्रश्न अलीकडे हिंगोलीच्या बाजारपेठेत हळदीचे ढीग उलगडता उलगडताही कानी पडतो, आणि त्याला मात्र कोणत्याही नमुन्यात रकाना नाही. त्याचे उत्तर देण्याचे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या वीस-बावीस वर्षांत उभे राहिले आहे, आणि ते काय सांगू शकते यापेक्षा ते कोठे थांबते हे समजून घेणे आपल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे आहे.

या शास्त्राचा उगमही एका पुराच्या पाण्यातच झाला, ही एक मौजेची गोष्ट आहे. जानेवारी २००३ मध्ये ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ माइल्स ॲलन यांच्या स्वयंपाकघराच्या दारापासून थेम्स नदीचे पाणी हातभरही दूर नव्हते, आणि त्या अवस्थेत त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकासाठी लिहिलेल्या लेखात असा प्रश्न उपस्थित केला की, या नुकसानीचा दावा कधी काळी कोणावर लावता येईल काय. तोवर शास्त्रज्ञांचे ठरलेले उत्तर असे असे की, कोणत्याही एका घटनेचे खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. ॲलन यांचे म्हणणे असे की, प्रश्नच चुकीचा विचारला जात आहे. ‘ही घटना तापमानवाढीमुळे झाली काय’ असे न विचारता ‘अशा घटनेची संभाव्यता तापमानवाढीमुळे किती बदलली’ असे विचारले तर उत्तर मोजता येते. पुढल्याच वर्षी पीटर स्टॉट, डाही स्टोन आणि ॲलन यांनी २००३ च्या युरोपातील भीषण उन्हाळ्याविषयी असा निर्णय दिला की, मानवी कृतींमुळे तशा उन्हाळ्याचा धोका बहुधा दुपटीहून अधिक वाढला होता. त्यानंतर फ्रेडरिके ओटो आणि डच शास्त्रज्ञ खेर्ट यान फान ओल्डेनबर्ग यांच्या पुढाकाराने ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ हा गट निघाला, आणि जे निर्णय पूर्वी वर्षभराने छापून येत ते घटनेनंतर काही आठवड्यांत येऊ लागले.

हा निर्णय कसा केला जातो, हे प्रत्यक्ष एका उदाहरणावरून पाहणे सोपे जाईल. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील भारताचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पाऊस सरासरीहून सुमारे सत्तर टक्के कमी पडला. पंजाब-हरियाणातील गहू दाणा भरण्याच्या ऐन वेळी होरपळला, आणि १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. या उष्णतेचा तपास ओटो यांच्या गटाने भारत, पाकिस्तान व युरोपातील शास्त्रज्ञांसह केला. त्यांची पहिली पायरी म्हणजे घटनेची व्याख्या, आणि माझ्या मते सर्व तपासातील खरी मेख येथेच आहे. उष्णता म्हणजे नेमके काय मोजावयाचे? एका गावातील एका दुपारचा उच्चांक, की विस्तीर्ण प्रदेशाची दोन महिन्यांची सरासरी? त्यांनी उत्तर-पश्चिम भारत व दक्षिण पाकिस्तान हा प्रदेश घेतला आणि मार्च-एप्रिलच्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी धरली, कारण गव्हाचे व मजुरांचे हाल एका दुपारने नव्हे, तर न संपणाऱ्या उन्हाने केले होते. व्याख्या बदलली की उत्तर बदलते. म्हणूनच ती आकडेमोड करण्यापूर्वी ठरवावी लागते, नाहीतर हव्या त्या निकालाला सोयीची व्याख्या शोधण्याचा मोह कोणासही व्हावा.

दुसऱ्या पायरीवर जुन्या नोंदी घेऊन प्रत्येक वर्षाचा तो एक आकडा काढतात, आणि त्या आकड्यांचे वितरण जगाच्या सरासरी तापमानाबरोबर सरकत गेले आहे असे गृहीत धरून गणिती वक्र बसवतात. येथे वर्ष हे काळाचे माप नसून जगाचे तापमान हेच काळाचे माप होते. हे वितरण एकदा बसले की दोन प्रश्न विचारता येतात: त्या वेळच्या, म्हणजे औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सुमारे १.२ अंशांनी तापलेल्या जगात असा उन्हाळा किती वर्षांतून एकदा यावा. आणि न तापलेल्या जगात तो किती वर्षांतून एकदा आला असता. २०२२ च्या बाबतीत पहिले उत्तर सुमारे शंभर वर्षांतून एकदा असे आले. तिसऱ्या पायरीवर हाच प्रश्न संगणकीय हवामान-प्रतिमानांना विचारतात, कारण त्यांत माणसाने वाढवलेले हरितगृह वायू नसलेले जग उभे करता येते, जे नोंदवह्यांत सापडत नाही; मात्र जे प्रतिमान त्या प्रदेशाचे ऋतुचक्र आणि उष्णतेचे चढउतार नीट दाखवीत नाही त्याची साक्ष ग्राह्य धरत नाहीत. शेवटी नोंदी व प्रतिमाने यांची उत्तरे एकत्र करून निष्कर्ष निघाला की, अशा उष्णतेची संभाव्यता सुमारे तीस पटींनी वाढली आहे. म्हणजे आज शंभर वर्षांतून एकदा येणारा हा उन्हाळा न तापलेल्या जगात सुमारे तीन हजार वर्षांतून एकदा आला असता.

पण याच अहवालात दुसरा आकडा आहे, आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो क्वचितच येतो. तोच उन्हाळा तापमानवाढ नसती तर सुमारे एक अंशाने कमी उष्ण असता. तीस पट आणि एक अंश, हे दोन आकडे परस्परविरोधी वाटतात, परंतु ते एकाच गोष्टीचे दोन पैलू आहेत. खळ्यावरील धान्याची रास वीतभर बाजूस सरकवली तर तिचा माथा जवळजवळ तेथेच दिसतो, पण जेथे पूर्वी चुकून चार दाणे पडत तेथे आता पसाभर दाणे सापडतात. आत्यंतिक उष्णतेचे दिवस राशीच्या अशा कडेवर असतात, म्हणून सरासरीतील अल्प बदल त्यांच्या संख्येत मोठा होऊन दिसतो. रशियात २०१० साली आलेल्या उष्णतेच्या लाटेविषयी अमेरिकेतील एका गटाने ती बहुतांशी नैसर्गिक होती असे सांगितले, आणि जर्मनीतील दोघांनी ती तापमानवाढीवाचून बहुधा आलीच नसती असे सांगितले. पुढे ओटो यांनी दाखवले की, पहिला गट किती अंश वाढले हे मोजत होता आणि दुसरा किती वेळा येईल हे मोजत होता, आणि दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी खऱ्या असू शकत होत्या. येथे आणखी एक चूक सर्रास होते. संभाव्यता तीस पट झाली म्हणजे तिसांतील एकोणतीस, अर्थात सुमारे सत्त्याण्णव टक्के, हिस्सा तापमानवाढीचा, असे म्हणतात, आणि तेही तशा पुष्कळ घटनांबाबत गणिताने खरे आहे; पण त्या दिवशीच्या उन्हातील सत्त्याण्णव टक्के ऊन मानवनिर्मित होते, असा त्याचा अर्थ होत नाही. त्या उन्हातील मानवनिर्मित वाटा एक अंशाचा.

हे सर्व ऐकून शास्त्रज्ञ प्रत्येक वेळी तापमानवाढीकडेच बोट दाखवतात असा कोणाचा समज झाला असेल, तर तो भारतातील दोन तपासांनी दूर व्हावा. १ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत एका दिवसात अभूतपूर्व पाऊस कोसळला, तांबरम येथे ४९४ मिलिमीटरची नोंद झाली, शहर बुडाले. फान ओल्डेनबर्ग व सहकाऱ्यांना त्या पावसात तापमानवाढीचा परिणाम आढळला नाही. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे पारा ५१ अंशांवर गेला, भारतातील उच्चांक झाला; त्याच शास्त्रज्ञांनी तपास करून सांगितले की, भारताच्या बहुतेक भागांत वर्षातील सर्वांत उष्ण दिवसाच्या तापमानात १९७० च्या दशकापासून वाढीचा कल दिसत नाही. त्यांनी दिलेली कारणे विचार करण्याजोगी आहेत: धुराचे व धुळीचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश अडवतात, आणि वाढत्या बागायतीमुळे जमिनीतून होणारे बाष्पीभवन हवा थंड करते, या दोहोंनी हरितगृह वायूंचा परिणाम आजवर झाकून ठेवला, आणि प्रतिमाने ही दोन्ही कारणे नीट दाखवीत नसल्यामुळे त्यांची साक्ष त्या प्रदेशात चालत नाही. त्यातही बारीक नजरेची एक गोष्ट त्यांनी टिपली. काही ठाण्यांवर वाढीचा कल दिसत होता, पण तो खोटा होता. पूर्वीच्या काळातील दिवसांच्या नोंदीच गहाळ होत्या, आणि ज्या दिवसांची नोंद नाही त्यांत वर्षाचा सर्वांत उष्ण दिवसही हरवला की जुनी वर्षे आपोआप थंड भासू लागतात.

या तपासांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. पाण्याने ओली झालेली हवा पारा खाली ठेवते खरी, पण घाम सुकू देत नाही. म्हणून पारा चढला नाही तरी तापमान व आर्द्रता यांची मिळून होणारी झळ वाढत गेली आहे. महाराष्ट्राने याचा अनुभव १६ एप्रिल २०२३ रोजी घेतला. नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक उघड्या मैदानात बसले होते. त्या दिवशी तेथील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते, म्हणजे कळमनुरीच्या मे महिन्यातील दुपारशी तुलना करता काहीसे सौम्यच. तरीही उष्माघाताने दहाहून अधिक जण दगावले. त्या महिन्यातील दमट उष्णतेचा तपास करताना वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशनने निव्वळ तापमान न घेता आर्द्रता मिसळलेला उष्णता-निर्देशांक घेतला, चार दिवसांची सरासरी धरली, आणि भारत-बांगलादेशाच्या प्रदेशासाठी निष्कर्ष काढला की, अशा उष्णतेची संभाव्यता किमान तीस पटींनी वाढली आहे. पूर्वी शंभर वर्षांतूनही एकदा न येणारी ती आता पाचेक वर्षांतून एकदा येऊ शकते. ‘किमान’ हा शब्द येथे मुद्दाम आहे, कारण वरची मर्यादा इतकी अनिश्चित होती की ती सांगण्यात अर्थ नव्हता. मात्र हा निर्णय निर्देशांकाविषयीचा आहे, मृत्यूंविषयीचा नाही. मैदानावर सावली किती होती, पाणी कोठे होते, माणसे किती तास बसली होती, यांचा हिशोब हवामानशास्त्रात येत नाही. तो प्रशासकीय चौकशीचा विषय आहे, आणि हवेकडे बोट दाखवून त्या चौकशीतून सुटका करून घेणे हा शास्त्राचा दुरुपयोग होय, असे मला स्पष्ट वाटते.

आता पुन्हा कुरुंद्याकडे वळू. उष्णतेच्या मानाने पावसाचा तपास कठीण, आणि एका तालुक्यातील एका रात्रीच्या पावसाचा तर फारच कठीण. पावसाविषयी भौतिकशास्त्राचा एक भक्कम आधार आहे: हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. तोवर जग सुमारे १.२ अंशांनी तापले होते, हे धरून, इतर सर्व गोष्टी तशाच राहिल्या असे मानले तर मुसळधार पावसात सुमारे आठ टक्के भर पडावी. समजा एखाद्या मंडळात रात्रीत दीडशे मिलिमीटर पाऊस पडला, तर न तापलेल्या जगात तो एकशे एकोणचाळीस मिलिमीटरच्या आसपास पडला असता. वायनाडमधील ३० जुलै २०२४ च्या दरडी कोसळवणाऱ्या पावसाविषयी वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशनने जे सांगितले तेही याच घरातले आहे: एका दिवसाचा पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे दहा टक्क्यांनी अधिक झाला, आणि तोही लहान व डोंगराळ प्रदेशामुळे अनिश्चिततेच्या इशाऱ्यासह. पण वारे, चक्रावर्त व ढगांची मांडणीही बदलत असेल तर हे आठ-दहा टक्के कमीही होऊ शकतात किंवा पुष्कळ वाढूही शकतात. रॉक्सी कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रासह गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर पडणाऱ्या दीडशे मिलिमीटरहून अधिक पावसाच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या, आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या उसळ्यांशी त्यांचा संबंध आहे. आपल्या जिल्ह्याला हा निष्कर्ष जवळचा असला, तरी तो अर्ध्या शतकाहून मोठ्या काळाच्या कलाविषयी आहे. एका रात्रीचा निवाडा त्यातून थेट निघत नाही.

तो निवाडा करावयाचा झाला तर अडचण नोंदींपासूनच सुरू होते. भारतीय हवामान खात्याने १९०१ पासूनचा दैनिक पाऊस देशभर पाव अंशाच्या चौकटीत मांडला आहे. अशी एक चौकट सुमारे सातशे चौरस किलोमीटरांची, म्हणजे साडेचार हजारांच्या घरातील क्षेत्रफळाचा हिंगोली जिल्हा सहा-सात चौकटींत संपतो. तापमानाची १९५१ पासूनची मांडणी एका अंशाच्या चौकटीत आहे, आणि तीत आपला सबंध जिल्हा निम्म्या चौकटीतही भरत नाही. मैलभर रुंदीचा जो ढग एका ओढ्याच्या खोऱ्यावर फुटतो तो या चौकटीत पसरून पातळ होतो, आणि ज्या पावसाने गाव बुडाले तो आकडेवारीत साधा वाटू लागतो. जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वीच्या नोंदी परभणी जिल्ह्याच्या म्हणून शोधाव्या लागतात, आणि १९४८ पूर्वीच्या निजामाच्या राज्यातील दप्तरांतून. महसूल मंडळांत बसवलेली स्वयंचलित हवामान केंद्रे उपयुक्त आहेत, परंतु त्यांचे आयुष्य अजून दहा वर्षांच्या आसपासचे, आणि दहा वर्षांच्या नोंदींवरून शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचा अंदाज बांधणे म्हणजे वक्र फार दूरवर ताणणे. मंडळाचा आकडा भरपाईस पुरतो, कारण तेथे पासष्टची मर्यादा ओलांडली की नाही एवढेच पाहावयाचे असते. कारणनिश्चितीला मात्र त्याच ठिकाणचा दीर्घ, खंड न पडलेला भूतकाळ लागतो. ठाणे एका इमारतीवरून दुसऱ्या आवारात हलवले, किंवा पूर आला त्याच रात्री उपकरण बंद पडले, तर त्या माळेची किंमत पुष्कळच घटते. जुन्या आकड्यांत एकाएकी पायरी दिसली, किंवा शेजारच्या ठाण्यांवर धो-धो पाऊस असताना येथे शून्य लिहिलेले आढळले, की अनुभवी शास्त्रज्ञ प्रथम हवामानाचा नव्हे, नोंदवहीचा तपास करतात.

पाऊस मोजला तरी पूर मोजला जात नाही, ही दुसरी अडचण. वरच्या हिशोबातील अकरा मिलिमीटर अधिक पाणी काठाच्या आत राहिले तर काहीच घडत नाही, आणि काठ तेवढ्यानेच ओलांडला तर गाव बुडते; आधीच्या आठवड्यातील पावसाने काळी जमीन भरून गेली असेल तर त्या अधिक पावसाचे जवळजवळ सर्व पाणी वाहून येऊ शकते. नाल्याचे पात्र किती अरुंद झाले, पूल व मोऱ्यांत काय अडकले, हेही त्यात येते. मोठ्या नद्यांवर प्रकरण आणखी गुंतते: पूर्णेचे पाणी येलदरी व सिद्धेश्वर या धरणांतून, आणि पैनगंगेचे इसापूर धरणातून सुटते, आणि दरवाजे कोणत्या तासाला किती उघडले याचा परिणाम तापमानवाढीच्या आठ टक्क्यांहून मोठा असू शकतो. चेन्नईतही चेंबरंबाक्कम जलाशयातून सोडलेल्या पाण्याविषयी याच कारणाने वाद झाला. म्हणून पुराचा प्रामाणिक तपास पावसाशी न थांबता नदीच्या जलशास्त्रीय प्रतिमानापर्यंत जातो: एकदा प्रत्यक्ष पाऊस घालून, एकदा तापमानवाढीचा हिस्सा वजा करून, आणि दरवाजांचे तास बदलून ते चालवतात, मग प्रत्येक वेळी गावात पाणी किती चढले याची तुलना करतात. त्यासाठी नदीपातळीच्या तासातासाच्या नोंदी, पात्राचे आडवे छेद, आणि धरणाच्या विसर्गाची वही हवी.

काही शास्त्रज्ञ या अडचणीतून दुसऱ्या वाटेने जातात. असा पाऊस किती वर्षांतून येतो हा प्रश्न ते बाजूस ठेवतात, आणि त्या रात्रीची वाऱ्यांची मांडणी जशीच्या तशी घेऊन, फक्त समुद्र व हवा थंड करून, ढग सुटे दाखवू शकणारे बारीक प्रतिमान पुन्हा चालवतात. ही पद्धत लहान घटनांना लागू पडते आणि तिचे उत्तर भौतिकशास्त्राच्या आधाराने येते. पण ती वाऱ्यांची तशी मांडणीच तापमानवाढीने अधिक वेळा होऊ लागली काय, यावर तिला काही बोलता येत नाही, कारण तो भाग तिने आधीच गृहीत धरलेला असतो. कुरुंद्याच्या रात्रीचा तपास उद्या कोणी हाती घेतलाच, तर मला वाटते त्याला दोन्ही पद्धती चालवाव्या लागतील, आणि त्याची उत्तरेही दोन येतील: पावसात तापमानवाढीची भर पडली असावी, बहुधा आठ-दहा टक्क्यांच्या घरात, हे पुरेशा विश्वासाने, आणि घराच्या उंबऱ्यावर चढलेल्या पाण्यात तिचा वाटा किती, हे जलसंपदा खात्याच्या वहीतील तासांवर व वरच्या खोऱ्यातील ओढ्यांच्या मोजणीवर अवलंबून.